बोधनिक भार आणि गणितातील सोडवलेले उदाहरण

नवे काही शिकताना जितक्या बाबी एकाच वेळी डोक्यात धरून एकमेकींशी जुळवाव्या लागतात, त्यांच्या ओझ्याला शैक्षणिक मानसशास्त्रात बोधनिक भार म्हणतात. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन स्वेलर यांनी १९८० च्या दशकात हा सिद्धान्त मांडला. शिक्षकांच्या प्रशिक्षणात तो ‘कॉग्निटिव्ह लोड थिअरी’ या नावाने जास्त ओळखीचा आहे. त्याचा पाया साधा आहे. ज्या स्मृतीत आपण त्या क्षणी विचार करतो ती कार्यकारी स्मृती फार तोकडी असते. नव्या अशा चारएक बाबी मावल्या की ती भरते. दीर्घकालीन स्मृतीत पक्की बसलेली रचना मात्र कितीही मोठी असली तरी तिथे एकच बाब म्हणून येते. म्हणून `10x + 30y = 720` ही ओळ गणिताच्या शिक्षकाला एक वस्तू दिसते, तर वर्गात ती पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाला पाच-सहा.

स्वेलर यांना ही कल्पना एका कोड्याच्या प्रयोगातून सुचली. विद्यार्थ्यांना एक संख्या देऊन दुसरीपर्यंत पोहोचायला सांगितले होते, आणि चाली दोनच होत्या: ३ ने गुणणे किंवा २९ वजा करणे. उदाहरणार्थ १५ पासून २८ पर्यंत जायचे. १५ चे ४५, वजा केल्यावर १६. १६ चे ४८, मग १९. १९ चे ५७, मग २८. उत्तर नेहमी असेच निघे: एकदा गुणा, एकदा वजा करा, पुन्हा तेच. कोडी बहुतेकांना सुटली, पण ‘आळीपाळीने’ हा नियम फार थोड्यांच्या लक्षात आला. आपण कुठे आहोत, कुठे जायचे आहे आणि मधले अंतर कोणत्या चालीने कमी होईल, एवढे सांभाळतानाच स्मृती भरून जात होती, त्यामुळे चालींचा क्रम न्याहाळायला जागाच उरत नव्हती. गणित सुटणे आणि गणित शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून पुढे आले.

१९८५ मध्ये स्वेलर आणि ग्रॅहॅम कूपर यांनी बीजगणितावर प्रयोग केले. एका गटाला नुसती उदाहरणे सोडवायला दिली. दुसऱ्याला एक सोडवलेले उदाहरण आणि लगेच तशाच रचनेचे एक न सोडवलेले, अशा जोड्या दिल्या. जोड्यांच्या गटाला शिकायला कमी वेळ लागला आणि नंतर तशीच उदाहरणे त्यांनी अधिक वेगाने व कमी चुका करत सोडवली. रचना बदलल्यावर मात्र हा फायदा दिसला नाही. ‘सोडवून दाखवले की मुले शिकतात’ असे सरसकट म्हणणारे ही मर्यादा सहसा सांगत नाहीत.

कोणतेही सोडवलेले उदाहरण भार कमी करते असेही नाही. ते कसे मांडले आहे यावर सगळे ठरते. कोल्हापुरातल्या वर्गात सहज घालता येईल असे एकसामयिक समीकरणांचे एक उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याने मार्केट यार्डात सौद्याला ४० रवे गूळ आणला. काही रवे १० किलोचे, काही ३० किलोचे, एकूण वजन ७२० किलो. तर प्रत्येक प्रकारचे किती? इथल्या मुलाला रवा म्हणजे गुळाची ढेप हे सांगावे लागत नाही. हेच गणित पुण्याच्या वर्गात घातले तर अर्धी मुले ३० किलोच्या शिऱ्याचा विचार करत बसतील. हाही भारच, आणि गणिताशी त्याचा काही संबंध नाही.

फळ्यावर हे सहसा असे होते. सर गणित वाचतात, दोन समीकरणे लिहितात, तोंडाने म्हणतात, ‘आता एकला दहाने गुणा’, आणि पुढची ओळ लिहितात. मूल मान वर करून ‘एक’ कुठे आहे ते शोधते, मान खाली घालून वहीत उतरवते, तोवर वजाबाकी झालेली असते. दहाने का गुणले हे हवेत बोलले गेले आणि तिथेच राहिले. सिद्धान्तानुसार कारण ज्या पायरीचे आहे तिच्याच ओळीला चिकटून लिहिलेले हवे:

लहान रवे x, मोठे रवे y मानू.
`x + y = 40` …(1) रव्यांची संख्या
`10x + 30y = 720` …(2) किलो
(2) मध्ये 10x आहे, x चा लोप करायचा, म्हणून (1) ला 10 ने गुणू:
`10x + 10y = 400` …(3)
(2) मधून (3) वजा करून: `20y = 320`, म्हणून `y = 16`
(1) वरून: `x = 40 − 16 = 24`
पडताळा: `240 + 480 = 720`

हे लिहून होईपर्यंत मुलांनी पेन खाली ठेवावे. उतरवून घेणे हे स्वतंत्र काम आहे आणि ते समजून घेण्याच्या जागेतलीच जागा खाते. इथे आणखी एक मोह होतो. (3) या समीकरणाला सुंदर अर्थ आहे: सगळेच रवे लहान असते तर वजन ४०० किलो भरले असते, वरचे ३२० किलो मोठ्या रव्यांमुळे आले, प्रत्येकी २० किलो जादा, म्हणून मोठे १६. चांगल्या शिक्षकाला हे तिथल्या तिथे सांगावेसे वाटते. माझ्या मते ते दुसऱ्या फेरीसाठी ठेवावे. पहिल्यांदाच लोप पद्धत पाहणाऱ्या मुलाला एकाच पायरीची दोन स्पष्टीकरणे एकदम मिळाली की तो दोन्ही अर्धवट ऐकतो.

लगेच खाली जोडीचे उदाहरण: २० आणि ५० रुपयांच्या मिळून ३६ नोटा, रक्कम १,०८० रुपये. रचना तीच, पण गुणायचे २० ने. हा बदल मुद्दाम केलेला आहे. ज्या वहीत इथेही `10x + 10y = 360` दिसेल, त्या मुलाने वरच्या उदाहरणाचे कारण वाचलेलेच नाही, फक्त आकृतिबंध उतरवला आहे, हे एका नजरेत कळते. उत्तर १२ आणि २४ आले की नाही यापेक्षा ही ओळ तपासणे जास्त उपयोगी.

त्यानंतर आधार हळूहळू काढायचा. अलेक्झांडर रेंकल आणि रॉबर्ट अ‍ॅटकिन्सन यांनी २००० नंतरच्या काही वर्षांत याचा अभ्यास केला. तिसऱ्या उदाहरणात शेवटची पायरी मोकळी सोडायची, चौथ्यात शेवटच्या दोन, असे करत अखेरीस पूर्ण उदाहरण मुलाच्या हाती द्यायचे. आपल्याकडे याचे एक रूप आधीपासून आहे: पाठ्यपुस्तकांतली आणि दहावीच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेतली ‘चौकटी पूर्ण करा’ ही कृती. प्रश्न एवढाच की चौकट कुठे बसवली आहे. `10 × 40 = □` ही चौकट पाचवीतले मूलही भरते आणि लोप पद्धतीबद्दल तिला काही विचारायचेच नसते. ‘(1) ला □ ने गुणू, कारण □’ अशी चौकट असेल तर ज्या पायरीवर विचार आहे तिथेच मूल थांबते. मुले ज्या पायरीवर मोकळी जागा भरतात, ती पायरी जास्त शिकतात.

भूमितीत अडचण वेगळी येते. तिथे आकृती एका बाजूला आणि विधान-कारणांचा तक्ता दुसऱ्या बाजूला असतो. ‘∠ABC + ∠ADC = 180°’ वाचायचे, आकृतीत B शोधायचा, D शोधायचा, परत ओळ शोधायची. अशा धावपळीला विभाजित अवधान म्हणतात. तार्मिझी आणि स्वेलर यांनी १९८८ मध्ये वर्तुळाच्या भूमितीवर प्रयोग केले तेव्हा नेहमीच्या मांडणीतली सोडवलेली उदाहरणे नुसत्या सरावापेक्षा सरस ठरलीच नाहीत. विधाने आकृतीतच त्या त्या कोनाजवळ लिहिल्यावर फायदा दिसू लागला. वर्गात यासाठी फार काही लागत नाही: कोनाचे माप आकृतीत लिहायचे आणि शेजारी गोलात पायरीचा क्रमांक. बोर्डाला हवा तो तक्ता मागाहून, समजल्यावर लिहायला शिकवता येतो.

आणि मग हीच पद्धत कुठे उलटते ते. ज्याला रचना आधीच येते, त्याला सोडवलेले उदाहरण वाचायला लावणे म्हणजे त्याच्या डोक्यातल्या पद्धतीशी फळ्यावरची ओळ ताडून पाहण्याचे वायफळ काम देणे. स्लाव्हा कालयुगा आणि सहकाऱ्यांनी याला प्रावीण्य-व्यत्यास परिणाम म्हणावे असे नाव दिले: नवख्याला मदत करणारी मांडणी जाणकाराला अडथळा ठरते. कोल्हापूरसारख्या शहरात हे रोजचे आहे, कारण वर्गात जूनमध्ये बसलेल्या मुलांपैकी काहींची ही समीकरणे मे महिन्यातल्या क्लासच्या बॅचमध्ये होऊन गेलेली असतात. शेजारच्या बाकावर पहिल्यांदाच पाहणारा असतो. कोण कुठे आहे हे ओळखायला पूर्ण चाचणी लागत नाही. कालयुगा आणि स्वेलर यांनी सुचवलेली युक्ती अशी: उदाहरण दाखवा, अर्धा मिनिट द्या आणि फक्त पहिली पायरी लिहायला सांगा. रव्यांच्या गणिताला जो थेट `20y = 320` लिहितो त्याला सरावसंच द्यावा. ‘x मानू’ पर्यंत आलेल्याला चौकटींचे उदाहरण. कोऱ्या कागदाला पूर्ण सोडवलेले.

सिद्धान्तावर आक्षेपही आहेत. भार मोजायचा कसा, हा सर्वांत जुना. फ्रेड पास यांनी १९९२ मध्ये वापरलेल्या नऊ गुणांच्या पट्टीवर शिकणारा स्वतःच सांगतो की किती मानसिक कष्ट पडले. उत्तरे आली की उदाहरण जड होते हे कळते, पण ते विषयामुळे जड होते की मांडणीमुळे, हे त्या एका आकड्यातून वेगळे काढता येत नाही. दुसरा आक्षेप क्रमाचा. मनू कपूर यांनी दाखवले की मुलांनी आधी स्वतः झटून, चुकून पाहिले आणि मग शिकवले, तर संकल्पनेची समज काही बाबतींत जास्त चांगली होते. हा वाद मिटलेला नाही. मात्र त्यांच्या पद्धतीतही झटापटीनंतर शिक्षकाचे नीट शिकवणे येतेच. लोप पद्धतीसारख्या, पायऱ्या ठरलेल्या आणि परस्परांत अडकलेल्या कामासाठी मी तरी आधी उदाहरण ठेवेन.

एक गोष्ट मांडणीने सुटत नाही: मूल उदाहरण वाचते की नुसते पाहते. मिशेलिन ची यांनी १९८९ मध्ये पाहिले की चांगले शिकणारे विद्यार्थी सोडवलेल्या उदाहरणाच्या पायऱ्यांमधली कारणे स्वतःशी बोलून भरतात, बाकीचे बहुधा ओळी पुन्हा वाचतात. मोत्यासारख्या अक्षरात रव्यांचे गणित उतरवलेली वही घेऊन (3) च्या वरची कारणाची ओळ हाताने झाकावी आणि विचारावे, ‘बाळा, दहानेच का?’ सरांनी गुणलं म्हणून, असे उत्तर आले तर त्या वहीवर बरोबरची खूण करायची अजून वेळ झालेली नाही.