गर्भधारणेची सुरुवातीची लक्षणे आणि पाळीपूर्व लक्षणे

पाळी येण्याआधीच्या आठ-दहा दिवसांत छाती जड होणे, पोट फुगणे, शौचाला साफ न होणे, भरदुपारी डोळे मिटू लागणे, क्षुल्लक कारणावरून रडू किंवा संताप येणे या तक्रारींना पाळीपूर्व लक्षणे म्हणतात. 'पीएमएस' हा त्यांच्यासाठीचा शब्द आता दवाखान्याइतकाच घरातही रुळला आहे. गर्भ राहिल्यानंतर अगदी सुरुवातीला ज्या तक्रारी जाणवतात त्यांची यादी केली, तर ती जवळजवळ हीच निघते. कारण दोन्हींमागे प्रोजेस्टेरॉन हे एकच संप्रेरक आहे आणि पहिले काही दिवस तर ते एकाच जागेतून, सारख्याच प्रमाणात स्रवत असते.

ती जागा म्हणजे पीतपिंड. दर महिन्याला बीजकोशातील एक पुटक वाढते, फुटते आणि त्यातून स्त्रीबीज बाहेर पडते. रिकाम्या झालेल्या पुटकाच्या भिंतीतील पेशी मग फुगतात, त्यांना पिवळसर रंग येतो आणि त्यांचे काम बदलते. तोवर रक्तात प्रोजेस्टेरॉन नावापुरते, म्हणजे दर मिलिलिटरला एक नॅनोग्रॅमपेक्षाही कमी असते. पीतपिंड कामाला लागल्यावर सहा-सात दिवसांत ते बहुतेकींमध्ये दहा ते वीसच्या घरात जाते. गर्भाशयाचे अस्तर मऊ व पोषक करणे हे त्याचे मुख्य काम. पण रक्तातून फिरताना ते फक्त गर्भाशयापुरते थांबत नाही. आतड्याचे स्नायू ते सैल करते, त्यामुळे अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, पोट फुगते, मलावरोध होतो. स्तनांतील दूधग्रंथी त्याच्या प्रभावाखाली वाढू लागतात, म्हणून छाती जड होते आणि ब्लाउज घट्ट वाटतो. मेंदूतील तापमान-नियंत्रण किंचित वर सरकते, त्यामुळे सकाळी अंथरुणात मोजलेले तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढते. अनेकींना हीच वाढ 'अंगात कणकण' म्हणून जाणवते. ताप बघावा तर नसतो.

झोपेचे कारण जरा वेगळे आहे. प्रोजेस्टेरॉन मोडून शरीरात ॲलोप्रेग्नॅनोलोन नावाचे द्रव्य तयार होते. झोपेच्या काही गोळ्या मेंदूतील ज्या ग्राहींवर काम करतात, त्याच 'गाबा' ग्राहींवर हेही काम करते. बहुतेकींना त्याने सुस्ती येते, पण काहींच्या मेंदूवर परिणाम उलटा होतो आणि त्यांना बेचैनी, चिडचिड, उदासी घेरते. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या पीटर श्मिट आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली हे नेमके तपासले. औषधाने बीजकोशाचे काम थांबवले आणि मग संप्रेरके बाहेरून दिली. पाळीपूर्व त्रास असलेल्या स्त्रियांत त्रास परतला, त्रास नसलेल्यांत तीच संप्रेरके देऊनही काही झाले नाही. म्हणजे फरक संप्रेरकाच्या प्रमाणात नसून ते पेलणाऱ्या मेंदूत होता. 'या वेळी त्रास जास्त आहे, म्हणजे नक्की काहीतरी आहे' हा तर्क त्यामुळेच लंगडा पडतो.

आता गर्भाकडे वळू. स्त्रीबीज फलित झाले तरी ते गर्भनलिकेतून गर्भाशयात पोहोचायला चार-पाच दिवस घेते. तिथे ते रुजते, तेही बीज सुटल्यानंतर सहाव्या ते बाराव्या दिवसादरम्यान, बहुतेक वेळा आठव्या ते दहाव्या दिवशी. रुजल्यावरच त्याच्या बाहेरच्या पेशींतून एचसीजी हे संप्रेरक आईच्या रक्तात मिसळते. त्याचे पहिले काम एकच असते, पीतपिंडाला मरू न देणे. एचसीजी मिळाले नाही तर पीतपिंड दोन आठवड्यांच्या आत आकसतो, प्रोजेस्टेरॉन घसरते, अस्तराचा आधार जातो आणि पाळी येते. मिळाले तर तो टिकतो आणि सातव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास वार हे काम स्वतःकडे घेईपर्यंत प्रोजेस्टेरॉन पुरवत राहतो.

इथे एक गैरसमज हमखास होतो. गर्भ राहिला की प्रोजेस्टेरॉन एकदम उसळते आणि म्हणून लक्षणे येतात, असे समजले जाते. प्रत्यक्षात ते आधीच चढलेले असते. गर्भ राहिल्यावर ते फक्त उतरत नाही, आणि 'न उतरणे' अंगाला जाणवत नाही. म्हणूनच पाळीच्या तारखेपर्यंत दोन्ही शक्यतांची लक्षणे हातात हात घालून चालतात.

एक उदाहरण तारखांसह पाहू. एका स्त्रीची पाळी १ ऑगस्टला आली. तिचे चक्र ३२ दिवसांचे आहे, म्हणजे बीज साधारण १९ ऑगस्टला सुटले आणि पुढची पाळी २ सप्टेंबरला अपेक्षित आहे. २४ ऑगस्टला तिची छाती दुखू लागते, दुपारी जेवणानंतर मान टेकते. ही लक्षणे पीतपिंडाची आहेत. गर्भ असला तरी तो अजून रुजलेला नाही, तेव्हा त्याची असूच शकत नाहीत. समजा तो २७ ऑगस्टला रुजला. तिने २८ला घाईने लघवीची पट्टी लावली तर एकच रेघ येईल, कारण साधी पट्टी दर मिलिलिटरला २५ मिली-आंतरराष्ट्रीय एककांच्या आसपास एचसीजी असल्याशिवाय दुसरी रेघ दाखवत नाही. सुरुवातीला एचसीजी दीड-दोन दिवसांत दुप्पट होते. त्या हिशेबाने १ सप्टेंबरच्या आसपास पुसट आणि ३-४ तारखेला ठळक रेघ दिसेल. गर्भ नसेल तर २९-३० ऑगस्टपासून प्रोजेस्टेरॉन उतरू लागेल, चिडचिड शिगेला पोहोचेल, २ तारखेला रक्तस्राव सुरू होईल आणि चारेक दिवसांत सगळी लक्षणे मावळतील. पाळीपूर्व लक्षणांची ओळख हीच: ती पाळीआधी येतात, पाळी सुरू झाल्यावर ओसरतात आणि महिन्यामागून महिने तशीच वागतात.

गोंधळ बहुधा मोजणीत होतो. याच स्त्रीने मोबाइलमधल्या २८ दिवसांच्या गणितावर विसंबून २९ ऑगस्ट ही तारीख धरली, तर १ सप्टेंबरला तिला वाटेल की तीन दिवस वर गेले. किंवा मध्येच ताप, प्रवास, जागरणे झाली आणि बीज २४ ऑगस्टलाच सुटले, तर पाळी ७ सप्टेंबरला येईल. मग ३ तारखेला छाती दुखते आहे, पाळी नाही आणि पट्टीही एकच रेघ दाखवते, असा तिहेरी पेच पडतो. बीज सुटण्याआधीचे दिवस कमी-जास्त होतात, नंतरचे मात्र बरेचसे ठरलेले, बहुधा बारा ते चौदा असतात. मराठीत गर्भ राहण्याला 'दिवस गेले' म्हणतात. लक्षणांचे नाव न घेता दिवस मोजणारा हा वाक्प्रचार वैद्यकाच्या दृष्टीने चोख आहे. अट एवढीच की मोजणी बीज सुटल्याच्या दिवसापासून हवी. त्या दिवसापासून सकाळचे तापमान अठराहून अधिक दिवस वर राहिले, तर ते गर्भाकडे बोट दाखवते.

मळमळ हे लक्षण त्यातल्या त्यात वेगळे उभे राहते. गर्भारपणातली मळमळ साधारणपणे शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या पाचव्या-सहाव्या आठवड्यात, म्हणजे पाळी चुकल्यावर सुरू होते. तिच्यामागे वारेतून येणारे जीडीएफ-१५ हे द्रव्य महत्त्वाचे असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. आपल्याकडे पहिल्यांदा 'पित्त झालंय' म्हणून ती आल्याच्या चाटणावर भागवली जाते. मात्र पाळीच्या चार-पाच दिवस आधी येणाऱ्या मळमळीला डोहाळ्यांचे नाव देणे घाईचे ठरते. गर्भ रुजताना दिसतो म्हणतात तो डागही असाच बेभरवशाचा. सुरुवातीच्या गर्भारपणात थोडे रक्त काहींनाच जाते, आणि तेही बरेचदा पाळीच्या तारखेच्या आसपास, त्यामुळे ती पाळीच वाटते.

लक्षणे प्रोजेस्टेरॉनचीच असतात याचा सर्वात स्वच्छ पुरावा वंध्यत्वाच्या उपचारांत दिसतो. गर्भ प्रत्यारोपणानंतर प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूल योनीमार्गे ठेवायला देतात. त्या दोन आठवड्यांत छाती दुखते, झोप येते, पोट फुगते. पुढे चाचणी होकारार्थी येवो वा नकारार्थी. काहींची पाळीही कॅप्सूल बंद करेपर्यंत लांबते. अशा वेळी रक्तातल्या बीटा-एचसीजीलाच अर्थ असतो.

घरोघरी याचे साधे रूप म्हणजे गौरी-गणपतीत किंवा लग्नात पाळी पुढे ढकलण्यासाठी घेतलेली नॉरएथिस्टेरॉनची गोळी. ती प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम संप्रेरक आहे, म्हणून तिनेही छाती जड होते, पोट फुगते. गोळी बंद केल्यावर पाळी बहुधा दोन-तीन दिवसांत येते. आठवडाभरात आली नाही तर पट्टी लावावी, कारण अशा रीतीने घेतलेली गोळी गर्भनिरोधक म्हणून धरता येत नाही. गोळीमुळे पट्टीचा निकाल बदलत नाही.

पट्टी सकाळच्या पहिल्या लघवीत लावावी आणि वेष्टणावर दिलेल्या वेळेतच वाचावी; तासाभराने उमटलेली करडी रेघ ही वाळलेल्या लघवीची खूण असते. गावात आशाताईंकडे 'निश्चय' नावाचा सरकारी संच मिळतो, तोही याच तत्त्वावर चालतो. निकाल नकारार्थी आणि पाळी मात्र नाही, असे असल्यास दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासणी करावी, आणि तरीही पाळी न आल्यास आठवड्याने पुन्हा.

पाळीसारखा रक्तस्राव झाला म्हणजे गर्भ नाहीच, असेही धरू नये. नेहमीपेक्षा कमी किंवा अवेळी रक्त गेले, ओटीपोटात एका बाजूला दुखले, खांद्याच्या टोकाशी कळ आली किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर गर्भ नलिकेत रुजलेला असू शकतो. त्या वेळी लक्षणांचा मेळ घालत न बसता लगेच रुग्णालय गाठावे. तिथे गेल्यावर सोनोग्राफी आणि रक्तातील एचसीजी यांवरून निदान होते.