सिंक आणि माउंट: फाइल दिसते, पण असते कुठे?

लॅपटॉपवर गूगल ड्राइव्हचा `My Drive` दिसतो, आत सगळ्या फाइली दिसतात. पण त्या खरंच आपल्या डिस्कवर उतरल्यात की नुसत्या दिसताहेत, हे बघून कळत नाही. सिंक आणि माउंटची गल्लत होते ती इथेच.

सिंक म्हणजे एक प्रत क्लाउडवर, एक तुमच्या डिस्कवर, आणि दोन्ही सारख्या ठेवण्याचं काम सॉफ्टवेअरकडे. माउंटमध्ये फाइल क्लाउडवरच राहते. ती जागा फक्त ड्राइव्हसारखी कॉम्प्युटरला जोडलेली असते आणि फाइल उघडली की तेवढीच इंटरनेटवरून येते. आठ-आठ दिवस नळाला पाणी न येणाऱ्या गावात हे चटकन समजेल: माउंट म्हणजे नळ, सिंक म्हणजे घरची टाकी. लाइन गेली की नळ कोरडा, टाकी मात्र कामाला येते. फक्त एका जागी ही तुलना फसते, आणि नुकसान नेमकं तिथेच होतं. घरची टाकी उपसली म्हणून धरण रिकामं होत नाही, सिंकमध्ये होतं.

अंबाजोगाईतलं एखादं सेवा केंद्र धरा. सातबारे, उत्पन्नाचे दाखले, पीक विम्याच्या पावत्या मिळून ६० जीबी स्कॅन गूगल ड्राइव्हवर आहेत. लॅपटॉपच्या डिस्कवर मोकळी जागा ४० जीबी. गूगलचं ड्राइव्ह फॉर डेस्कटॉप टाकलं की सेटिंगमध्ये दोन पर्याय दिसतात. `Mirror files` म्हणजे सिंक: सगळे ६० जीबी खाली उतरवायला निघणार आणि डिस्क भरणार. `Stream files` म्हणजे माउंट: विंडोजमध्ये बहुधा `G:` नावाचा ड्राइव्ह दिसेल, त्यात सगळे ६० जीबी दिसतील, पण डिस्कवर जागा लागेल ती उघडलेल्या फाइलींच्या तात्पुरत्या प्रतींपुरती.

आता समजा मिरर लावलेलं आहे, डिस्क लाल झाली आणि कामावरच्या पोराने ‘क्लाउडवर आहेच की’ म्हणून २०२१ चं फोल्डर उडवलं. सॉफ्टवेअरच्या लेखी ही मालकाची आज्ञा. फोल्डर क्लाउडवरून जातं, दुसऱ्या कॉम्प्युटरवरूनही जातं. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस असतं, तेवढ्यात लक्षात आलं तर वाचलो. आणि माउंट सुरक्षित असंही नाही; `G:` मधून उडवलेली फाइलसुद्धा थेट क्लाउडवरूनच उडते. जागा हवी असेल तर आधी मिररवरून स्ट्रीमवर यायचं, डिस्कवरची जुनी प्रत त्यानंतरच काढायची.

स्ट्रीमचं दुखणं वेगळं. लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू आहे पण राउटर बंद, आणि समोर शेतकरी उभा. फाइलचं नाव दिसतं, उघडत नाही. रोज लागणाऱ्या फोल्डरवर राइट क्लिक करून `Offline access` मध्ये `Available offline` निवडलं की तेवढं डिस्कवर उतरतं. माझ्या मते छोट्या केंद्राला हाच मेळ बरा.

सिंक-माउंटच्या जोडीने कोटा, बकेट आणि व्हॉल्ट हे शब्दही भेटतात. कोटा हा क्लाउडच्या बाजूचा हिशेब, डिस्कशी त्याचा संबंध नाही. गूगलचे फुकटचे १५ जीबी ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो या तिघांत मिळून असतात; ट्रॅशही त्यातच मोजला जातो. म्हणून डिस्क अर्धी मोकळी असूनही ‘स्टोरेज फुल’ येतं, आणि मग मेलही यायचे थांबतात.

बकेट म्हणजे क्लाउडवर फाइली साठवायचं भांडार. हा शब्द घरगुती ड्राइव्हमध्ये भेटत नाही, ॲमेझॉन एस-थ्रीसारख्या सेवांमध्ये भेटतो. बकेटमध्ये खरे फोल्डर नसतात; `2021/beed/a.pdf` हे सबंध एकच नाव असतं. साध्या बकेटमध्ये नाव बदलायचं तर नव्या नावाने प्रत करून जुनी काढावी लागते. म्हणून माउंट केलेल्या बकेटमध्ये हजारो स्कॅनच्या ‘फोल्डर’चं नाव बदललं की बराच वेळ सगळं अडकल्यासारखं वाटतं.

बकेटवर फाइली चढवायला बरेच जण आरक्लोन हे कमांडवर चालणारं सॉफ्टवेअर वापरतात. त्याचं सिंक एकाच दिशेने चालतं: कमांडमध्ये डावीकडे लिहिलेल्या जागी जे नाही ते उजवीकडच्या जागेतूनही काढतं. डावीकडचं फोल्डर चुकून रिकामं असेल तर बकेटही रिकामी. म्हणून आधी नुसती तालीम:

```
rclone sync D:\Scan remote:scan-bucket --dry-run
```

यात काहीच उडत नाही, काय उडेल ते मात्र दिसतं. काहीच काढायचं नसेल तर `sync` च्या जागी `copy`.

राहिला व्हॉल्ट. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हचं पर्सनल व्हॉल्ट म्हणजे वेगळं कुलूप लावलेलं फोल्डर. काही वेळ हात लावला नाही की आपोआप बंद होतं. फुकटच्या खात्यात त्यात तीनच फाइली मावतात, तेव्हा गिऱ्हाइकांचे आधार त्यात ठेवायचा बेत असेल तर तो तिथेच अडतो.