स्वप्नात जोडीदार दुसऱ्याबरोबर दिसला: भेटीला येण्याआधी हे वाचा

आमच्या समुपदेशन केंद्रात याविषयी फोन येतो तेव्हा सुरुवात बहुतेक वेळा सारखीच असते: "तसं काहीच नाहीये हो, पण तेच स्वप्न सारखं पडतंय." जोडीदाराचं वागणं बदललेलं नसतं, संशय घ्यावा असं काही कानावर आलेलं नसतं. तरी पहाटे दचकून जाग येते आणि शेजारी शांत झोपलेल्या माणसाचा राग आलेला असतो. मग हमखास विचारलं जातं, "माझ्या मनाला आधीच काही कळलंय का?"

स्वप्नाला बाहेरून बातमी मिळत नाही. तुमच्या आठवणी, तुमची धास्ती आणि गेल्या काही दिवसांत मनात साठलेलं, एवढ्यावरच ते उभं राहतं. त्यामुळे स्वप्न जोडीदाराविरुद्धचा पुरावा नाही आणि त्याच्या बाजूचाही नाही.

ते इतकं खरं का वाटतं, हेही सांगतो. ठसठशीत स्वप्नं बहुतेक रेम झोपेत, म्हणजे मिटलेल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलत असतात त्या झोपेत पडतात. झोपेचं चक्र साधारण ९० मिनिटांचं असतं आणि रात्र सरते तसा त्यातला रेमचा वाटा वाढतो, म्हणून पहाटेची स्वप्नं जास्त लक्षात राहतात. या वेळी मेंदूतला भीतीशी जोडलेला भाग चांगलाच जागा असतो आणि "थांब, हे शक्य आहे का?" असं तपासणारा कपाळामागचा भाग मंदावलेला असतो. जाग आल्यावर होणारी छातीतली धडधड अगदी खरी असते. फसगत होते ती तिच्यावरून प्रसंगही खरा मानल्यामुळे.

आता ज्या एका चुकीपायी आमच्याकडचे पहिले दोन-तीन तास वाया जातात, तिच्याविषयी. ती चूक म्हणजे उठल्याउठल्या जोडीदाराची उलटतपासणी.

एक उदाहरण देतो. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पस्तिशीतला एक गृहस्थ. नोकरी जाऊन सात महिने झालेले, घर बायकोच्या पगारावर चाललेलं, त्यात तिला बढती मिळाली. त्याला स्वप्न पडायचं की ती एका खोलीत कुणाशी तरी हसत बोलते आहे. त्या माणसाचा चेहरा दिसत नाही. हा दाराबाहेर तिची ओली छत्री हातात धरून उभा असतो. ती वळून पाहते आणि पुन्हा बोलायला लागते.

पहिल्या दिवशी त्याने हसत विचारलं, "ऑफिसात कुणी आवडतं का गं?" ती हसून नाही म्हणाली. त्याला तासभर बरं वाटलं. दुसऱ्या आठवड्यात प्रश्न रोज सुरू झाले: कोणाबरोबर जेवलीस, तो कोण, उशीर का झाला. प्रत्येक उत्तराने दिलासा मिळायचा, पण दर वेळी आधीपेक्षा कमी टिकायचा. तिसऱ्या आठवड्यात तिने ऑफिसातलं काही सांगणंच सोडून दिलं, कारण एक नाव घेतलं की दहा प्रश्न यायचे. त्याने त्याचा अर्थ काढला, "आता लपवायला लागली." आमच्याकडे आला तेव्हा त्याच्याकडे 'पुरावा' होता, आणि तो त्याच्याच प्रश्नांनी तयार झाला होता.

हे एकट्या त्याचं झालेलं नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नात्यात असलेल्या तरुण विद्यार्थ्यांकडून दोन आठवडे स्वप्नांची नोंद करून घेतली होती. ज्यांना प्रतारणेची स्वप्नं पडली, त्यांना पुढच्या दिवसांत जोडीदाराविषयी जवळीक कमी वाटली. जोडीदाराने काही केलेलं नसताना दुरावा सुरू होतो तो असा.

त्या गृहस्थाला आम्ही विचारलं, स्वप्नात सगळ्यात जास्त कधी लागलं? आम्हाला वाटलं होतं की तिच्या हसण्याचं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "तिने मला पाहिलं तेव्हा. तिला फरकच पडला नाही." हा मत्सर नव्हता. आपण नसलो तरी हिचं अडत नाही, ही भावना होती. जागेपणी ती भावना सात महिने त्याच्यासोबत होती, पण तिचा उच्चार करायची त्याला लाज वाटत होती. स्वप्नाने तीच भावना त्याला कळेल अशा गोष्टीत बसवली.

असुरक्षितता दर वेळी हेच सांगते असं नाही. कुणाला लहानपणी किंवा आधीच्या नात्यात सोडून गेल्याची जखम असते, कुणाला बाळंतपणानंतर आपलंच शरीर परकं वाटत असतं. म्हणून आम्ही छत्री म्हणजे अमुक, दार म्हणजे तमुक असे ठरीव अर्थ सांगत नाही. काही जण त्यावर नाराज होतात. पण पाच मिनिटांत कुणाच्याही स्वप्नाला लावता येईल तो अर्थ तुमच्या उपयोगाचा नसतो.

भेटीला येण्याआधी एवढं करा. जाग आली की अंथरुणातच चार ओळी लिहा: काय दिसलं, कोणत्या क्षणी सगळ्यात जास्त लागलं, रागाच्या खाली कोणती भावना होती, आणि तीच भावना गेल्या दोन-तीन दिवसांत जागेपणी कधी आली होती. चौथी ओळ लगेच सुचत नाही, ती संध्याकाळी लिहिली तरी चालेल. सकाळी जोडीदाराला प्रश्न विचारू नका, त्याचा फोनही पाहू नका. संध्याकाळी सांगावंसं वाटलं तर भावना सांगा आणि एक छोटी गोष्ट मागा. त्या गृहस्थाचं वाक्य असं झालं: "नोकरी गेल्यापासून मला घरात माझी गरज उरली नाही असं वाटतं. रोज रात्री दहा मिनिटं माझ्याशी बोलशील?" बायको म्हणाली, "हे आधी का नाही बोललास?"

तेच स्वप्न वरचेवर पडत असेल तर आम्ही ते दिवसा बदलून लिहायला लावतो आणि नवं रूप रोज दहा-वीस मिनिटं डोळे मिटून मनात पाहायला सांगतो. वाईट स्वप्नांवर ही पद्धत बऱ्याच वर्षांपासून वापरली जाते. त्याच्या नव्या स्वप्नात तो दार ढकलून आत जायचा आणि छत्री तिच्या हातात द्यायचा. महिन्याभराने ते स्वप्न क्वचित पडायला लागलं. पूर्ण थांबलं नाही, पण पडलं तरी सकाळ खराब होईना.

काही बाबतीत आमच्याकडे येणं पुरेसं नाही. नैराश्याची काही औषधं सुरू केल्यावर किंवा अचानक बंद केल्यावर, तसंच रोजची दारू सोडल्यावर स्वप्नं फार तीव्र होऊ शकतात. तसं असेल तर औषध परस्पर न थांबवता डॉक्टरांना विचारा. संशय दिवसभर टिकत असेल, कशानेही हलत नसेल, पाळत ठेवण्यापर्यंत किंवा हात उगारण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटा. आणि जागेपणी खरोखर काही खटकलं असेल तर ते वेगळं बोला, त्यात स्वप्न मिसळू नका.

पहिली भेट पन्नास मिनिटांची आणि एकट्याचीच असते. जोडीदाराला तेव्हा बोलावत नाही, कारण समोर बसल्यावर उलटतपासणी पुन्हा सुरू होते. गरज वाटली तर दोघांची बैठक नंतर ठेवतो. फोनमधले संदेश दाखवायला आणू नका, आम्ही ते वाचत नाही. चार ओळींच्या नोंदींसाठी छापलेली छोटी वही आमच्या स्वागतकक्षात मिळते, घरची कुठलीही वही चालेल. पाच-सात नोंदी झाल्या की फोन करून वेळ घ्या. अक्षर झोपेतलं असलं तरी तीच वही आणा, पुन्हा नीट उतरवून काढू नका. उतरवताना लोक नेमकी तिसरी ओळ बदलतात.