अठरा गणितं, सहा ओळी आणि एक चिमटा

"मॅडम, लेकराला येतंय सगळं, पण बूड टेकवून बसंनाच." परभणीत विशेष शिक्षिका म्हणून काम करताना हे वाक्य मी अनेक आयांच्या तोंडून ऐकलं आहे. या वेळी ते म्हणणाऱ्या आईचा मुलगा तिसरीत होता. शाळेतून रोज गणिताची एक वर्कशीट घरी यायची. तीन-तीन गणितांच्या सहा ओळी, म्हणजे हातच्याच्या वजाबाकीची अठरा गणितं. संध्याकाळी सहाला बसलेला मुलगा साडेसातपर्यंत चार वेळा उठायचा, दोनदा रडायचा, एकदा मार खायचा आणि तरी सात-आठ गणितं कोरीच राहायची. बालरोगतज्ज्ञांनी त्याला एडीएचडी, म्हणजे अवधान टिकवण्यातली अडचण आणि अतिचंचलता, असल्याचं निदान केलेलं होतं.

उपायाकडे वळण्याआधी मी आईकडून जुन्या पाच-सहा वर्कशीट मागवल्या. मला किती गणितं चुकली यापेक्षा ती कुठे चुकली हे पाहायचं होतं. पहिल्या दोन ओळी जवळपास बिनचूक होत्या. तिसऱ्या ओळीपासून घसरण सुरू झाली होती, चौथीनंतर कोऱ्या जागा होत्या. पहिल्या ओळीपासूनच सगळीकडे सारखीच चूक असती, तर मुलाला हातचा समजलेलाच नाही असं मी धरलं असतं. अशा मुलाला कामाचे तुकडे करून दिल्याने काहीच साधत नाही. न समजलेलं गणित तीन-तीनच्या गटात दिलं तरी न समजलेलंच राहतं. इथे मात्र गणित येत होतं, ते शेवटपर्यंत नेता येत नव्हतं. दिसायला सारख्याच या दोन अडचणींवरचे उपाय वेगळे आहेत.

शेवटपर्यंत नेता का येत नाही? एक कारण कार्यरत स्मृतीचं. हातातलं काम चालू असताना जे थोडा वेळ डोक्यात धरून ठेवावं लागतं, ते ती धरते. ५२ मधून ३७ वजा करताना हातचा घेतला, दोनाचे बारा झाले, पाचाचे चार उरले, एवढं एकाच वेळी धरायचं. शिवाय आपण कितव्या गणितावर आहोत, अजून किती उरली, नंतर काय करायचं हेही धरायचं. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांमध्ये ही जागा वयाच्या मानाने अपुरी पडते. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला की आधी निसटतं ते "मी कुठे होतो" हे. तो धागा तुटला की मूल परत पानाकडे येतं तेव्हा त्याला पुन्हा अठरा गणितांचा डोंगरच दिसतो.

दुसरं कारण वेळेचं. दूरच्या फळाची किंमत आपल्या सगळ्यांनाच कमी वाटते, पण या मुलांना ती फारच लवकर कमी वाटू लागते. "नीट अभ्यास केलास तर दिवाळीला सायकल" हे वचन त्यांना आज संध्याकाळी अभ्यासाला बसवू शकत नाही. शेवट समोर दिसला तर मात्र चित्र बदलतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३२ मध्ये मांडलं होतं की भूलभुलैयातले उंदीर खाऊच्या जवळ येतील तसे वेगाने धावतात. पुढे माणसांच्या वागण्यातही शेवट जवळ आला की जोर वाढतो असं आढळलं. अठरा गणितांच्या पानाला एकच शेवट आहे आणि तो लांब आहे. तेच पान सहा तुकड्यांचं केलं तर त्याला सहा शेवट मिळतात.

तुकडा केवढा करायचा, इथे पालक हटकून चुकतात. ते आपल्या अंदाजाने पानाचे दोन भाग करतात आणि "नऊ तर गणितं आहेत" म्हणतात. मी आईला तीन संध्याकाळी फक्त मोजायला सांगितलं. ओरडायचं नाही, मदत करायची नाही. तो बसल्यापासून पहिल्यांदा उठेपर्यंत किती गणितं झाली, एवढंच कागदावर लिहायचं. आकडे आले तीन, पाच आणि चार. अशा वेळी सरासरी न घेता सगळ्यात लहान आकडा घ्यायचा, कारण तुकडा वाईट दिवशीसुद्धा पुरा व्हायला हवा. म्हणून तीन. नशिबाने पानावरची एक ओळही तीन गणितांचीच होती.

पान दाखवायची पद्धत सोपी ठेवली. एका कोऱ्या कागदाला एक ओळ मावेल एवढी खिडकी कापली आणि तो वर्कशीटवर ठेवला. मुलाला एका वेळी तीनच गणितं दिसत. ओळ झाली की खिडकी खाली सरकवायची.

कोणत्या कामानंतर कोणतं काम हे चित्रांनी दाखवणारी एक चित्रयादीही जुन्या वहीच्या पुठ्ठ्याची केली. एका बाजूला पाच चौकोन: पेन्सिल-खोडरबर, पहिली ओळ, दुसरी ओळ, तिसरी ओळ, पाण्याचा तांब्या. मागच्या बाजूला चार: चौथी, पाचवी, सहावी ओळ आणि शेवटी दप्तर. एका बाजूला पाचापेक्षा जास्त चौकोन नकोत, नाहीतर यादीच नवा डोंगर होते. चित्रं मुलानेच काढली. पुठ्ठ्याच्या कडेला कपडे वाळत घालायचा एक चिमटा लावला. चौकोन पुरा झाला की चिमटा एक घर खाली.

मुलाचे वडील मोंढ्यात हमाली करतात. त्यांना हे समजावून सांगायची गरजच पडली नाही. "पोती मोजताना आम्हीबी भिंतीवर रेघ मारत जातो की," ते म्हणाले, "डोक्यात धरलं तर मधीच कुणी हाक मारली की चुकतंय." कार्यरत स्मृतीवरचा भार बाहेर काढून ठेवणं म्हणजे काय, हे मला यापेक्षा नेमकं सांगता आलं नसतं.

पुठ्ठा अभ्यासाच्या जागी न ठेवता समोरच्या भिंतीवर, चार पावलांवर टांगला. प्रत्येक ओळीनंतर मुलाला उठून तिथपर्यंत जावं लागे. तो एरवीही उठतच होता. आता त्याच्या उठण्याला ठिकाण होतं आणि तिथून परतायचं कारणही. तिसऱ्या ओळीनंतरची सुट्टी जरा मोठी, माठातून तांब्या भरून आणायचा आणि आजीला पाणी द्यायचं. आपला शेवट आपल्यासोबतच घेऊन येणारं असं काम सुट्टीसाठी उत्तम. मोबाईल सुट्टीत देऊ नये, कारण त्याला शेवट नसतो. तो काढून घ्यायला भांडण करावं लागतं आणि पुढची ओळ त्या भांडणात जाते.

पहिल्या आठवड्यात पाचपैकी चार दिवस अठराही गणितं झाली. वेळ सुट्टी धरून पस्तीस ते चाळीस मिनिटं. आईने फोन करून सांगितलं तेव्हा तिचा आवाज भरून आला होता. मलाही फार बरं वाटलं, पण पान भरण्याच्या घाईत चुका वाढतील अशी भीती होती, म्हणून मी वर्कशीट पाहायला मागितल्या.

दुसऱ्या आठवड्यात भीती खरी ठरली. पान पूर्ण, पण सात गणितं चुकलेली. ५२ वजा ३७ चं उत्तर २५. वर दोन आणि खाली सात असताना त्याने हातचा न घेता सरळ सातातून दोन काढले होते. लहान अंक मोठ्यातून काढणं ही वजाबाकीतली सर्रास आढळणारी चूक आहे आणि ती बहुधा समजेतल्या खोटीमुळे होते. इथे तसं नव्हतं. पहिल्या ओळीत तसंच गणित तो बरोबर सोडवत होता. चिमटा सरकवण्याची घाई त्याला नडत होती. आपण "ओळ भरली" यालाच पुरं झालं म्हटलं होतं, त्याने तेवढंच केलं. चूक यादीची होती, मुलाची नव्हती.

मग दोन बदल केले. ओळ सुरू करण्याआधी, जिथे वरचा अंक खालच्यापेक्षा लहान आहे तिथे पेन्सिलने गोल करायचा. म्हणजे हातचा कुठे लागणार हे डोक्यात न राहता कागदावर येतं. आणि चिमटा हलवण्याआधी ओळीतल्या कुठल्याही एका गणिताचा पडताळा: १५ आणि ३७ मिळून ५२ होतात का? तिन्ही गणितांचा पडताळा मागितला असता तर तुकडा दुप्पट झाला असता आणि त्याने सगळंच सोडून दिलं असतं. एकच, पण कोणतं ते आई निवडणार. चुका आठवडाभरात दोन-तीनवर आल्या.

आईच्या बोलण्यातही एक गोष्ट बदलली. "शाब्बास, हुशार माझं बाळ" याऐवजी ती चिमटा हलताक्षणी म्हणायची, "दुसऱ्या ओळीत गोल केलास म्हणून हातचा सुटला नाही." या मुलांना दाद तिथल्या तिथे आणि नेमकी मिळावी लागते. रात्री जेवताना केलेलं कौतुक गोड असतं, पण संध्याकाळच्या तिसऱ्या ओळीपर्यंत ते मागे पोचत नाही.

तिसऱ्या आठवड्यात पुठ्ठ्याचं नावीन्य संपलं. हे होतंच, आणि इथेच बरीच घरं "काही उपयोग नाही" म्हणून यादी काढून टाकतात. आम्ही पद्धत तीच ठेवून चित्रं बदलली. त्याने ओळींच्या जागी बैलगाडी काढली आणि चिमट्याला बैल केलं. तुकडा वाढवण्यासाठी नियम ठरवला: पाचपैकी चार दिवस न सांगता काम पुरं झालं आणि चुका कमी राहिल्या, तरच दोन ओळींचा एक तुकडा. घसरलं तर दुसऱ्याच दिवशी परत एक ओळ, तेही न रागावता. सहाव्या आठवड्यात तो दोन ओळींवर आला. तीन ओळींचा प्रयत्न दोनदा फसला, म्हणून आम्ही दोनवरच थांबलो.

या उपायाची मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. चित्रयादीने एडीएचडी बरा होत नाही. चष्म्यासारखं तिचं काम आहे, डोळ्यांवर असेपर्यंत दिसतं. घरच्या भिंतीवरचा पुठ्ठा वर्गात उपयोगी पडत नाही. बाईंनी वर्गातही पान दुमडून द्यायला सुरुवात केली तेव्हाच तिथलं काम सुधारलं. आणि प्रत्येक न बसणाऱ्या मुलाला एडीएचडी नसतो. लक्षणं किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा निदान दोन ठिकाणी, आणि बारा वर्षांच्या आतच सुरू झालेली असावी लागतात. कमी दिसणं, कमी ऐकू येणं, अपुरी झोप, वाचनातली अडचण, हे आधी तपासावं लागतं. काही क्षण मूल एकटक पाहत राहतं आणि हाक ऐकत नाही, असं वारंवार होत असेल तर ती अपस्माराची एक जातही असू शकते. त्यासाठी डॉक्टरच हवेत. डॉक्टरांनी औषध दिलं असेल, तर चिमटा आला म्हणून ते परस्पर बंद करू नये.

दोन महिन्यांनी आईने विचारलं, हीच खिडकी मराठीच्या शुद्धलेखनाला लावू का? लावा म्हटलं, पण तीन संध्याकाळी आधी मोजा. गणितात सहा गणितांपर्यंत बसणारा मुलगा शुद्धलेखनात दुसऱ्याच ओळीला उठत होता, कारण पेन्सिल घट्ट धरून त्याचा हात दुखायचा. तिथे तुकडा एका ओळीचा ठरला, आणि पुठ्ठ्यावरचा पहिला चौकोन हात झटकण्याचा.