हार्टवर्म: जिवंत जंतापेक्षा मेलेल्या जंताची भीती जास्त

कुत्र्याची हार्टवर्म चाचणी पॉझिटिव्ह आली की मालकाचा पहिला प्रश्न असतो, 'औषध कोणतं?' औषधं ठरलेली आहेत आणि ती दवाखान्यातून मिळतात. उपचार चालू असताना कुत्रा दगावतो तो बऱ्याचदा घरी, जंत मारणाऱ्या इंजेक्शननंतरच्या आठवड्यांत, आणि त्याला धावू दिल्यामुळे. असं का होतं हे कळायचं तर जंत शरीरात नेमका कुठे बसतो हे आधी पाहावं लागतं.

हार्टवर्म म्हणजेच डायरोफिलारिया इमिटिस हा जंत डास चावल्याने कुत्र्यात येतो. डासाच्या सोंडेवरून उतरलेली बारीक अळी चाव्याच्या छिद्रातून कातडीखाली शिरते, तिथे कात टाकत वाढते आणि साधारण अडीच-तीन महिन्यांनी रक्तप्रवाहात येते. रक्ताबरोबर ती हृदयाच्या उजव्या बाजूतून पुढे ढकलली जाते आणि फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमन्यांत अडकते. तिचं खरं घर तेच. हृदयाच्या कप्प्यांत जंत भरतात ते संख्या फार वाढल्यावर किंवा आजार बराच पुढे गेल्यावर. पूर्ण वाढलेली मादी 25 ते 30 सेंटीमीटर लांब असते, नर त्याहून बराच आखूड, आणि कुत्र्याच्या अंगात हे जंत 5 ते 7 वर्षं जगतात. एवढा काळ धमनीच्या आतल्या अस्तरावर त्यांचं घासणं चालू असतं. अस्तर सुजतं, खडबडीत होतं, भिंत जाड आणि कडक होते. मग तेवढंच रक्त पुढे ढकलायला हृदयाच्या उजव्या बाजूला जास्त जोर लावावा लागतो.

दवाखान्यात होणारी झटपट चाचणी अँटिजेनची असते. रक्ताचे काही थेंब एका द्रवात मिसळून पट्टीवर सोडतात आणि दहाएक मिनिटांत रेघ उमटते की नाही ते पाहतात. ही पट्टी पकडते ते प्रौढ मादीच्या प्रजनन संस्थेतून रक्तात येणारं प्रथिन. चाचणीचे सगळे गुणदोष याच एका गोष्टीतून येतात. मादी प्रौढ व्हायला वेळ लागतो, त्यामुळे संसर्ग झाल्यावर पहिले पाच महिने चाचणी निगेटिव्हच येते, आणि भरवशाचं उत्तर हवं तर सहा-सात महिने थांबावं लागतं. सात महिन्यांपेक्षा लहान पिल्लाची चाचणी करण्यात म्हणूनच अर्थ नसतो. अंगात फक्त नर असतील किंवा एखाद-दुसरीच मादी असेल, तरीही रेघ उमटत नाही. काही कुत्र्यांत शरीराची प्रतिपिंडं हे प्रथिन आधीच वेढून टाकतात आणि पट्टीला ते दिसत नाही. लक्षणं हार्टवर्मची आणि चाचणी निगेटिव्ह असा पेच पडला, तर प्रयोगशाळेत रक्तद्रव तापवून हे वेढे तोडतात आणि चाचणी पुन्हा करतात.

पुसट रेघ हीसुद्धा पॉझिटिव्हच धरायची. मात्र रेघ गडद म्हणजे जंत जास्त, असा हिशेब मांडू नये. पट्टी ते सांगत नाही.

एका पॉझिटिव्ह पट्टीवर उपचार सुरू करणं घाईचं ठरेल, कारण पुढची इंजेक्शनं जहाल आहेत. नवा रक्तनमुना घेऊन दुसऱ्या कंपनीच्या किटवर चाचणी करतात आणि सोबत मायक्रोफिलारिया, म्हणजे रक्तात फिरणारी जंतांची सूक्ष्म पिल्लं, शोधतात. त्यासाठीची नॉट चाचणी सोपी आहे: 1 मिलिलिटर रक्त 2 टक्क्यांच्या 9 मिलिलिटर फॉर्मॅलिनमध्ये मिसळायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि तळाचा गाळ रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. इथे एक जागा चुकण्याची आहे. कातडीखाली राहणाऱ्या डायरोफिलारिया रेपेन्सची पिल्लंही रक्तात सापडतात आणि दिसायला बरीच सारखी असतात. त्यामुळे नुसती पिल्लं दिसली म्हणून हार्टवर्म म्हणता येत नाही.

निदान पक्कं झालं की आजार किती पुढे गेला आहे ते ठरवतात. त्यासाठी छातीचा एक्स-रे, रक्त-लघवीची तपासणी आणि गरज असेल तर हृदयाची सोनोग्राफी होते. पहिल्या टप्प्यातला कुत्रा धडधाकट दिसतो, फार तर कधीमधी खोकतो. दुसऱ्या टप्प्यात खोकला रोजचा होतो, फिरायला नेलं की तो लवकर दमतो आणि एक्स-रेमध्ये धमन्या फुगलेल्या दिसतात. तिसऱ्यात धाप लागते, वजन उतरतं, चक्कर येऊन पडणं किंवा पोटात पाणी होणं दिसतं. चौथा टप्पा म्हणजे आणीबाणी. जंतांचा गुंता हृदयाच्या उजव्या कप्प्यात आणि महाशिरेत येऊन झडप नीट मिटू देत नाही. कुत्रा अचानक गळून जातो, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि तांबड्या पेशी फुटल्याने लघवी कॉफीच्या रंगाची होते. तिथे गोळ्या-इंजेक्शनांचा उपयोग नाही. मानेच्या शिरेतून चिमटा घालून जंत ताबडतोब ओढून काढावे लागतात.

टप्पा जंतांच्या संख्येवर ठरतो असं वाटणं स्वाभाविक आहे, पण ते अर्धंच खरं आहे. एका प्रयोगात काही कुत्र्यांत 50 जंत सोडून त्यांची हालचाल बंद ठेवली आणि इतर काहींत 14 जंत सोडून त्यांना बेताचं हिंडू-फिरू दिलं. हिंडणाऱ्या, कमी जंतांच्या कुत्र्यांत आजाराची लक्षणं आधी दिसली आणि त्यांच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा अवरोधही जास्त निघाला. धावताना फुप्फुसातून जाणारं रक्त कितीतरी पटींनी वाढतं. निरोगी धमन्या ताणल्या जाऊन त्याला वाट देतात. कडक झालेल्या धमन्यांना ते जमत नाही, दाब वाढतो आणि नाजूक केशवाहिन्यांना इजा होते. म्हणजे हालचालीचं नुकसान इंजेक्शनाची वाट पाहत नाही, आणि म्हणूनच विश्रांती निदानाच्या दिवसापासूनच सुरू करायची.

पहिल्या टप्प्यातला 20 किलोचा, चार वर्षांचा एक कुत्रा घेऊ आणि त्याचा उपचार दिवसांनी मोजू. मात्रा इथे गणित कळावं म्हणून दिल्या आहेत, त्या ठरवायच्या डॉक्टरांनीच. पहिल्या दिवशी त्याला दर महिन्याला द्यायचं हार्टवर्म-प्रतिबंधक औषध मिळतं. रक्तात पिल्लं असतील तर ती एकदम मरून शरीर भडकू शकतं, म्हणून आधी अँटिहिस्टामाइन आणि स्टेरॉइड देऊन त्याच्यावर लक्ष ठेवतात. त्याच दिवशी डॉक्सिसायक्लिन सुरू होतं: किलोला 10 मिलिग्रॅम, म्हणजे सकाळी 200 आणि संध्याकाळी 200 मिलिग्रॅम, 28 दिवस. प्रतिजैविक कशाला, तर जंतांच्या पोटी वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात. त्यांच्याशिवाय जंत अशक्त होतो, आणि तो मेल्यावर फुप्फुसात होणारा दाहही कमी असतो. प्रतिबंधक औषधाची पुढची मात्रा तिसाव्या दिवशी.

मग महिनाभर जंत मारण्यासाठी काहीच करायचं नाही. मालकाला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो. पण प्रतिबंधक औषध कोवळ्या अळ्यांवर चालतं आणि जंत मारणारं मेलार्सोमिन मोठ्या जंतांवर. मधल्या वयाचे जंत दोन्हीतून निसटतात. त्यांना मेलार्सोमिनच्या टप्प्यात येईपर्यंत वाढू देण्यासाठी ही थांबणूक असते.

एकसष्टाव्या दिवशी पहिलं मेलार्सोमिन: किलोला 2.5 मिलिग्रॅम, म्हणजे आपल्या कुत्र्याला 50 मिलिग्रॅम, कमरेच्या जाड स्नायूत खोलवर. हे आर्सेनिकचं संयुग आहे. त्याची मात्रा थोडी चुकली तरी महागात पडतं, म्हणून त्या दिवशी वजन नव्याने करायलाच हवं. नव्वदाव्या दिवशी दुसरं इंजेक्शन आणि 24 तासांनी, एक्क्याण्णवाव्या दिवशी, तिसरं. पहिल्या इंजेक्शनने काही जंतच मरतात, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. सगळे एकदम मेले तर फुप्फुसाला झेपणार नाही. प्रत्येक खेपेला सोबत उतरत्या मात्रेत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात.

मेलेला जंत शरीराबाहेर पडत नाही. त्याचे तुकडे रक्ताबरोबर वाहत जाऊन फुप्फुसाच्या बारीक धमन्यांत अडकतात, त्यांच्याभोवती गुठळी धरते आणि पांढऱ्या पेशी ते हळूहळू विरघळवतात. याला आठवडे लागतात. धोका सगळ्यात जास्त इंजेक्शननंतर सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास आणि तो चार आठवड्यांपर्यंत टिकतो. गंमत अशी, की तोवर सुईचं दुखणं गेलेलं असतं, कुत्रा टवटवीत दिसतो आणि घरचे पट्टा सैल सोडतात. त्याने मांजरामागे एकदा धाव घेतली की वाढलेलं रक्त तुंबलेल्या धमन्यांवर आदळतं, उघड्या उरलेल्या थोड्या वाटांवर सगळा दाब येतो, केशवाहिन्या फुटतात आणि फुप्फुसात पाणी किंवा रक्त उतरतं.

म्हणून एकसष्टाव्या दिवसापासून विश्रांतीचा अर्थ अक्षरशः पिंजरा किंवा एक छोटी खोली. शी-शूसाठी आखूड पट्ट्यावर पाच मिनिटं बाहेर, चालत जाणं, चालत परत. जिने नाहीत, सोफ्यावर उडी नाही, चेंडू नाही, घरातल्या दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती नाही. दारावरची बेल वाजली की हा दाराकडे झेपावत असेल तर बेल बंद करा. भुंकून पिंजऱ्यात थयथयाट करणाऱ्या कुत्र्याची ती विश्रांती नव्हे. अशाला ट्रॅझोडोनसारखं शांत करणारं औषध डॉक्टरांकडे मागून घ्यावं. त्यात कमीपणा नाही. जेवण खेळण्यात लपवून शोधायला लावलं तर बसल्या जागी डोकं गुंतून राहतं. हे सगळं शेवटच्या इंजेक्शननंतर सहा ते आठ आठवडे, आणि मग फिरणं थोडं थोडं वाढवत.

घरी रोज एक काम करा: तो गाढ झोपेत असताना एका मिनिटातले श्वास मोजून लिहा. एरवी हा आकडा तीसच्या आत असतो. तो चढत गेला, नव्याने खोकला सुरू झाला, ताप आला, खाणं सुटलं, हिरड्या फिक्या पडल्या किंवा खोकताना रक्त आलं, तर सकाळपर्यंत थांबू नका.

जिथे मेलार्सोमिन मिळत नाही तिथे डॉक्सिसायक्लिन आणि दरमहा मॉक्सिडेक्टिन या प्रतिबंधक औषधावर उपचार करतात. प्रौढ जंत त्यानेही मरतात, पण संथपणे. वर्षाहून अधिक काळ लागू शकतो, तेवढे दिवस धमन्यांची झीज चालूच राहते आणि हालचालीचं बंधनही तेवढेच दिवस पाळावं लागतं. 'सौम्य पर्याय' म्हणून तो निवडणं आम्हाला पटत नाही. नाइलाज असेल तेव्हाच तो ठीक.

तिसऱ्या इंजेक्शननंतर महिनाभराने रक्तात पिल्लं उरली आहेत का ते पाहतात. अँटिजेन चाचणी मात्र नऊ महिन्यांनी करतात. मेलेल्या माद्यांचं प्रथिन रक्तात बराच काळ रेंगाळतं, त्यामुळे त्याआधीच्या पॉझिटिव्ह रेघेवरून उपचार फसला असं म्हणता येत नाही. नऊ महिन्यांनीही रेघ आली तर एखादी मादी जिवंत राहिली असं धरून डॉक्सिसायक्लिन पुन्हा देतात, मग 24 तासांच्या अंतराने दोन इंजेक्शनं, आणि पिंजऱ्याचे आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजतात.