बायोडाटातली ती एक ओळ: लग्न ठरलं की मुलीची नोकरी सुटणार हे कुठून आलं

मागच्या महिन्यात भाचीचा बायोडाटा टाइप करायला घेतला, मूळ कागद तिच्या वडिलांनीच हाताने लिहिलेला, नाव, जन्मवेळ, मामाकुळ, शिक्षण सगळं झाल्यावर नोकरीच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, "सध्या नोकरी चालू, लग्नानंतर मुलाकडच्यांच्या इच्छेप्रमाणे." मी थांबलेच. अजून एकही स्थळ आलेलं नव्हतं, कोणी विचारलेलंही नव्हतं, आणि आपल्याच बाजूने आधीच राजीनामा लिहून ठेवला होता. दाजींना विचारलं तर म्हणाले, अगं सगळे असंच लिहितात, पहिल्यापासून तसंच आहे.

हे "पहिल्यापासून" माझ्या मनातून जाईना. कारण आमच्या खान्देशातल्या चोपडा-यावल पट्ट्यात बायका पहिल्यापासून कामच करत आल्यात. कापूस वेचणं, निंदणी, केळीच्या बागेत खत टाकणं हे लग्नानंतर सुटत नाही, उलट लग्नानंतर वाढतं. शेतात राबणाऱ्या सुनेला कोणी विचारत नाही की "आते कसाले करस?" हा प्रश्न पगारी नोकरीलाच येतो, म्हणजे ठराविक वेळेची, ठराविक गावाची, स्वतःच्या खात्यात पैसे येणारी नोकरी असली की. आणि अशी नोकरी आपल्याकडे बायकांना मिळायला लागून फार काळ झालेला नाही, त्यामुळे ती सोडायची प्रथाही फार जुनी असू शकत नाही. ती कुठून आली हे शोधायला गेलं की निम्मं उत्तर जात्यावरच्या ओव्यांत नाही, कंपन्यांच्या आणि सरकारच्या नियमांत सापडतं.

मुंबईत 1960 च्या दशकात एक औषध कंपनी होती, तिच्या एका विभागात मुली कामाला होत्या आणि तिथे नियम होता की मुलीने लग्न केलं की नोकरी आपोआप संपली. नोटीस नाही, चौकशी नाही. कंपनीचं म्हणणं असं की लग्न झालेल्या बायका जास्त दांड्या मारतात आणि तिथलं काम टीमने करायचं असतं, एक गेली की बाकीच्यांचं अडतं. बॉम्बे लेबर युनियनने हे प्रकरण लढवलं, ट्रायब्युनलने कंपनीचा नियम योग्य ठरवला, मग ते सुप्रीम कोर्टात गेलं आणि 1965 मध्ये कोर्टाने तो नियम काढून टाकायला सांगितलं. कोर्टाने विचारलेला मुद्दा मला फार आवडतो. त्या कंपनीला विधवा बाई कामाला चालत होती. आता विधवेला मुलं असू शकतात, घर सांभाळायचं असतंच, मग मुलं आजारी पडल्यामुळे दांडी होते असं म्हणायचं असेल तर ते तिलाही लागू आहे ना? मग अडचण मुलांची होती की नवरा असण्याची? कंपनीकडे उत्तर नव्हतं.

मोठ्या सरकारी नोकरीतही हेच होतं. परराष्ट्र सेवेत जाणाऱ्या बाईने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची आणि लग्नानंतर घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येतात असं सरकारला वाटलं तर तिला राजीनामा द्यायला सांगता येईल, असा नियमच छापलेला होता. त्याच सेवेतल्या अधिकारी सी. बी. मुथम्मा यांनी तो कोर्टात नेला, 1979 मध्ये न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्यावर कडक शब्दांत लिहिलं, आणि लग्न झालेल्या पुरुषाच्या घरच्या जबाबदाऱ्या कामाच्या आड येत नाहीत का, हा प्रश्न तेव्हा कागदावर आला.

आता हे नियम गेले. पण एक खूण पीएफमध्ये राहिली, नोकरी करणाऱ्या किती जणींना ती माहीत आहे देव जाणे. 1952 च्या पीएफ योजनेत अनेक वर्षं असं होतं की नोकरी सोडल्यावर सगळे पैसे काढायचे तर दोन महिने बेरोजगार राहावं लागायचं, फक्त लग्न करण्यासाठी राजीनामा देणाऱ्या महिलेला ही दोन महिन्यांची अट नव्हती. सवलत म्हणूनच दिली असणार, वाईट हेतू नसणार. पण लिहिणाऱ्याने गृहीत काय धरलं ते बघा, बाईचं लग्न हे नोकरी सोडण्याचं कारण, आणि पुरुषासाठी तसं कलमच नव्हतं. आणि पीएफसोबत पेन्शनचे पैसेही काढून घेतले की पेन्शनसाठी लागणारी 10 वर्षांची सेवाही तिथेच तुटते, मग पुढे पुन्हा नोकरी लागली तर मोजणी शून्यापासून.

घरातली बाजू मात्र वेगळ्या कायद्याने चालली. हिंदू विवाह कायदा 1955 चा, त्याचं कलम 9 असं की जोडीदार सबळ कारण नसताना वेगळा राहत असेल तर दुसऱ्याने कोर्टाकडून "नांदायला या" असा हुकूम मागायचा. बायको दुसऱ्या गावी नोकरी करते हे सबळ कारण आहे का, यावर कोर्टांचीच मतं अनेक वर्षं फाटलेली होती. 1977 मध्ये पंजाब-हरियाणा हायकोर्टापुढे नवरा-बायको दोघंही शिक्षक असलेलं प्रकरण आलं, ती एका गावी, तो दुसऱ्या गावी. पूर्णपीठाने नवऱ्याच्या बाजूने निकाल दिला, म्हणाले नोकरीच्या कारणावरून बायकोला एकतर्फी वेगळं राहता येणार नाही. आणि पुढच्याच वर्षी, 1978 मध्ये, दिल्ली हायकोर्टाने बरोबर उलट सांगितलं. तिथेही बाई शिक्षिका, लग्नाच्या खूप आधीपासून पंजाबातल्या सुनाम गावी नोकरीत, नवरा दिल्लीत आणि त्याची मिळकत तिच्यापेक्षा भक्कम नाही. कोर्टाने म्हटलं की घर कुठे करायचं हे ठरवायचा हक्क एकट्या नवऱ्याला आहे असं सांगणारा कुठलाही कायदा नाही, दोघांनी मिळून ठरवायचं, आणि ठरत नसेल तर कोणाची नोकरी जास्त टिकाऊ हेही बघायचं. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की कळतं, आपल्या बैठकीत जी गोष्ट परंपरा म्हणून सांगतात ती 1978 मध्ये न्यायाधीशांमध्येसुद्धा ठरलेली नव्हती.

मग खान्देशात हे इतकं घट्ट का बसलं? माझ्या मते यात बदलीच्या व्यवस्थेचा मोठा हात आहे. जिल्हा परिषदा 1 मे 1962 ला सुरू झाल्या, पुढे 1994 च्या महिला धोरणातून सरकारी नोकरीत बायकांसाठी 30 टक्के जागा आल्या, आणि डीएड करून शिक्षिका होणं हा आमच्याकडच्या मुलींचा ठरलेला रस्ता झाला. पण शिक्षिकेची नोकरी जिल्ह्याची असते. जळगावची शिक्षिका जळगाव जिल्हा परिषदेची, आणि नवरा असतो पुण्यात, नाशकात, नाहीतर सुरतेत. म्हणजे दोन नोकऱ्या एका गावात आणायला कागदोपत्री मार्ग लागतो आणि तो घरात कोणालाच माहीत नसतो, म्हणून सगळ्यात सोपा शब्द तोंडी येतो, राजीनामा.

माझ्या मावसबहिणीचं सांगते. ती 2010 मध्ये चोपडा तालुक्यात लागली, 2013 मध्ये लग्न झालं, नवरा चाकणला कंपनीत. सत्यनारायण झाल्यावर चौथ्या दिवशी सासरे ओट्यावर बसून अगदी मायेने म्हणाले, बेटा आता तिकडे जायचं आहे तर राजीनामा देऊन टाक, पुण्यात शाळा काय कमी आहेत? रागावून बोलले असते तर भांडता आलं असतं, प्रेमाने बोलले म्हणून तिला उत्तर सुचेना. नणंद पोहे आणायला आत गेली तेवढ्यात तिने नवऱ्याकडे पाहिलं, तो बुटाची लेस बांधत राहिला.

तिने त्या दिवशी वाद घातला नाही. आठवडाभराने पंचायत समितीतल्या एका जुन्या क्लार्क काकांकडून सगळं विचारून आली आणि सासऱ्यांसमोर वहीत दोन रकाने पाडले, एका बाजूला राजीनामा, दुसऱ्या बाजूला आंतरजिल्हा बदली. राजीनाम्याच्या बाजूला लिहिलं की ही जागा कायमची जाते, पुन्हा लागायचं तर नव्या उमेदवारासारखी भरती, वयाची अट, आणि 2013 पासून आलेली टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा पास करणं, जी तिला 2010 मध्ये द्यावी लागलेली नव्हती. बदलीच्या बाजूला लिहिलं की पगार आणि झालेली सेवा कायम राहते, पण सेवाज्येष्ठता जाते, म्हणजे पुणे जिल्ह्यात ती यादीत सगळ्यात शेवटी, बढतीला उशीर. आणि रिकामी जागा, आपल्या प्रवर्गाचा बिंदू म्हणजे आरक्षणाच्या क्रमवारीतली जागा, दोन्ही जिल्हा परिषदांची ना हरकत हे जुळेपर्यंत थांबावं लागतं.

सासऱ्यांनी वही दोनदा वाचली. ते स्वतः एसटीत होते, ज्येष्ठता जाणं म्हणजे काय हे त्यांना कोणी समजवायला नको होतं, ते एवढंच म्हणाले, जागा सोडायची नाही, अर्ज टाक. पुढे पाच वर्षं लागली, मधल्या काळात 2017 मध्ये बदल्या ऑनलाइन झाल्या तेव्हा कुठे काम झालं, आणि ती पाच वर्षं सोपी होती असं मी अजिबात म्हणणार नाही. तो शनिवारी रात्रीच्या गाडीने यायचा, मुलगी झाल्यावर सहा महिने तिची आई चोपड्यात येऊन राहिली, शेजारच्या बायका विचारायच्या की नवऱ्याशी पटत नाही का. आज ती पुणे जिल्ह्यात शिकवते, बढतीच्या यादीत मागे आहे आणि ते तिला खुपतं.

हा मार्ग सगळ्यांना नाही. नवरा सुरतेत असेल तर जिल्हा परिषदेची बदली राज्याबाहेर होतच नाही, तिथे नोकरी आणि गाव यातलं एक निवडावंच लागतं आणि मग बोलणं बदलीचं राहत नाही, त्याने इकडे यायचं का हे होतं, जे आमच्याकडे फार कमी घरांत विचारलं जातं. केंद्र सरकारी नोकरीत 1986 पासून नवरा-बायकोला शक्यतो एकाच ठिकाणी ठेवावं अशा सूचना आहेत पण त्या "शक्यतो" आहेत, हक्क नाही. खाजगी नोकरीत तर मॅनेजरला विचारल्याशिवाय काहीच कळत नाही, आणि लग्न ठरेपर्यंत कोणी विचारत नाही. 2005 च्या 1 नोव्हेंबरच्या आधी राज्य सरकारी सेवेत लागलेल्या जुन्या पेन्शनवाल्या बाईने राजीनामा दिला तर मागची सगळी सेवाच पेन्शनसाठी बाद होते, वीस वर्षांची असली तरी, हे तर घरच्यांना आधी सांगायलाच हवं, कारण ते न कळताच "दे सोडून" म्हणतात.

बैठकीत हा विषय कोणी काढायचा, यावर आमच्यात बरंच झालं. माझा अनुभव असा की सुपारी फुटायच्या आधी मुलीने मुलाशी बोलायचं, दोघं एकत्र बसलेले असताना, आणि "नोकरी करू द्याल ना?" असं विचारायचं नाही, कारण त्या प्रश्नातच परवानगी मागितलेली असते. "माझी बदली होईपर्यंत आपण कसं राहायचं?" असं विचारलं की समोरच्याला हो-नाही म्हणता येत नाही, काहीतरी ठरवावंच लागतं, आणि जो बुटाच्या लेसकडे बघायला लागतो त्याचं तिथेच कळतं.

दाजींचा कागद शेवटी मी तसाच टाइप केला नाही. त्यांना वही आणि दोन रकान्यांची गोष्ट सांगितली, ते बराच वेळ गप्प बसले, मग पेन मागितला आणि स्वतःच्या हाताने ती ओळ खोडून लिहिलं, "नोकरी चालू राहील. लग्नानंतर बदलीचा अर्ज करणार." पहिलं स्थळ भुसावळचं होतं, त्यांनी ते वाचून विचारलं की बदलीला साधारण किती दिवस लागतात.