सहीची रेघ बघायची पद्धत आली कुठून

मागच्या महिन्यात मिरजेच्या एका ओळखीच्या पोराने व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला. रणजी टीमचा जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो, खाली निळ्या बॉलपेनने एका जुन्या खेळाडूची सही, विकणारा आठ हजार मागतोय, "काका बघा ना, खरी वाटते का". खेळाडूचं नाव इथे देत नाही, घरचे लोक याच भागात आहेत. आपल्याकडे अशा सह्या घरोघरी सापडतात, सांगली हे विजय हजारेंचं जन्मगाव, त्यामुळे आमच्या वडिलांच्या पिढीने मॅचला जाताना खिशात सह्यांची वही नेलीच. वडिलांच्या वहीत याच खेळाडूच्या दोन सह्या आहेत, दोन्ही बॉलपेनच्या, त्यामुळे मला ताडून बघता आलं. पण ताडून बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं, हे शहाणपण एका दिवसात आलेलं नाही, म्हणून आधी ते सांगतो.

आपल्याकडे पूर्वी खरेपणा ठरायचा तो शिक्क्यावर. पेशवाईतली किंवा सातारच्या छत्रपतींकडची पत्रं बघा, मजकूर कारकुनाने बोरूने मोडीत लिहिलेला असतो आणि वर शिक्का, शेवटी मोर्तब. प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली गादीवरून काढलं तेव्हाही त्यांच्या बाजूचे लोक, लंडनपर्यंत गेलेले रंगो बापूजी त्यातलेच, आरोपाचे कागद बनावट आहेत म्हणून भांडले. तो वाद मुख्यतः शिक्के आणि साक्षीदार यांच्यावरच फिरत राहिला, हात कसा चाललाय हे बघायचं शास्त्र तेव्हा नव्हतंच.

ते सुरू झालं अमेरिकेत, १८६८ च्या हाउलंड मृत्युपत्राच्या खटल्यात. सिल्व्हिया हाउलंड नावाच्या श्रीमंत बाईच्या मृत्युपत्राला जोडलेल्या पानावरची सही खरी की ट्रेस केलेली असा प्रश्न होता. बेंजामिन पीअर्स या गणितज्ञाने आणि त्याच्या मुलाने बाईंच्या खऱ्या ४२ सह्यांचे फोटो घेतले, प्रत्येक जोडी एकमेकांवर ठेवली आणि सहीतल्या ३० खाली येणाऱ्या रेघांपैकी किती जुळतात ते मोजलं. खऱ्या सह्यांमध्ये साधारण पाचातली एकच रेघ जुळत होती, आणि वादातली सही मात्र मृत्युपत्रावरच्या सहीशी तीसच्या तीस जुळत होती. म्हणजे तंतोतंत जुळणं हाच संशय! पीअर्सने पुढे जे प्रचंड आकडे काढले त्यावर संख्याशास्त्रवाले आजही टीका करतात, कारण एका माणसाच्या रेघा एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, पण मूळ मुद्दा पक्का आहे, कुठलाही माणूस दोनदा अगदी सारखी सही करत नाही. आणि हे सगळं फोटोंवरून झालं हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पण ट्रेस न करता समोर सही ठेवून हाताने नक्कल केली तर? तिथे उपयोगी पडला अल्बर्ट ऑस्बॉर्न, त्याचं या विषयावरचं मोठं पुस्तक १९१० साली आलं. त्याने आकारापेक्षा रेघेच्या प्रतीवर जोर दिला. खरी सही करणारा माणूस अक्षरं काढत नाही, हात चालवतो, म्हणून पेन कागदाला लागायच्या आधीच हलत असतं आणि उचलतानाही हलत असतं, रेघेची सुरुवात आणि शेवट निमुळते होतात. नक्कल करणारा पेन टेकवतो, बघतो, काढतो, थांबतो, परत बघतो. त्यामुळे टोकं बोथट, दाब सगळीकडे सारखा, आणि मध्येच पेन उचलून परत जोडल्याची जागा. म्हातारपणाचा कापरा हात यात फसवू शकतो, तरी त्यातही फरक असतो, म्हाताऱ्या माणसाचा हात कापतो पण तो थांबून दुरुस्ती करत बसत नाही, नकली कापरेपणा नेमका अवघड वळणांवर येतो.

आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ४५ ने तज्ज्ञाचं मत आणि कलम ७३ ने कबूल सहीशी तुलना आली, आणि १९०४ मध्ये बंगालात हार्डलेस नावाच्या अधिकाऱ्याची सरकारी हस्ताक्षर तज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली. पण हे सगळं खटल्यांसाठी. खेळाडूंच्या सह्यांकडे कोण बघणार! तिकडे डोळे उघडले ते १९९० च्या दशकात, एफबीआयच्या ऑपरेशन बुलपेनमुळे, कॅलिफोर्नियात खोट्या सह्यांचा अख्खा कारखाना सापडला, त्यात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा होते. सगळ्या मालाला सर्टिफिकेट जोडलेलं. तेव्हापासून जाणकार सर्टिफिकेटवर न थांबता रेघ बघायला लागले.

आता परत आपल्या फोटोकडे. व्हॉट्सअॅप फोटो दाबून बारीक करतं, रेघेची कड चौकटी चौकटीची होते आणि बोथट टोक खरं की फोटोमुळे ते कळत नाही, म्हणून पहिलं काम, पोराला म्हटलं विकणाऱ्याकडून फाइल डॉक्युमेंट म्हणून मागव, स्कॅन असेल तर ६०० डीपीआय, आणि एक फोटो खिडकीशी, फ्लॅश बंद करून, उजेड एका बाजूने आडवा पडेल असा. बॉलपेनने रेघ जाडबारीक फारशी होत नाही, शाईपेनची निब दाबली की फाकते तसं इथे नसतं, त्यामुळे दाब दिसतो तो शाईच्या गडदपणात आणि कागदावर पडलेल्या खाचेत. मार्करची सही असती तर ही खाच जवळजवळ मिळालीच नसती, तिथे फक्त वेग बघायचा.

वडिलांच्या वहीत शेवटच्या अक्षराची शेपटी फिकी होत होत संपते, आणि खाली येणारी रेघ गडद, वर जाणारी पुसट. विकणाऱ्याच्या फोटोत आडव्या उजेडात खाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी खोल, शेपटीच्या टोकाला शाईचा गोल ठिपका, आणि दुसऱ्या अक्षराच्या पोटात एक जोड, तिथे रेघ केसभर बाजूला सरकलेली. वहीतल्या दोन्ही सह्यांत त्या जागी पेन उचललेलंच नाही. तरी एवढ्यावर मी खोटी म्हणालो नाही, कारण वही मांडीवर धरून केलेली सही आणि गुळगुळीत फोटोवर केलेली सही यात फरक पडतोच, गुळगुळीत कागदावर बॉलपेन अडखळतं, मग माणूस जोर लावतो आणि तीच रेघ परत गिरवतोसुद्धा.

मग हाउलंडवाली युक्ती केली. त्या खेळाडूची एक सही नेटवर बऱ्याच ठिकाणी फिरते. ती आणि ही, मोबाइलच्या एडिटरमध्ये एकावर एक, वरची अर्धी पारदर्शक, आणि लांबी जुळेल एवढीच लहानमोठी केली. दोन्ही एकच दिसायला लागल्या, पहिल्या अक्षराचा आकडा, मधलं अंतर, शेपटीचा कोन, सगळं. वहीतल्या दोन सह्या तशाच एकमेकांवर ठेवल्या तर चांगल्याच सरकतात, एकीची शेपटी दुसरीपेक्षा वर जाते.

पोराला कळवलं, घेऊ नकोस. त्याने विचारलं लेखी देता का, मी नाही म्हणालो. फोटोवरून मी एवढंच म्हणू शकतो की ही सही ट्रेस केल्यासारखी आहे, शाई किती जुनी आणि कागद कुठला हे मूळ वस्तू हातात घेऊन, सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्यानेच सांगावं. विकणाऱ्याने मूळ फोटो सांगलीत आणून दाखवायला नकार दिला.